कडेचा माणूस

शेळगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घरोघरी जे कौटुंबिक फोटो टांगलेले आहेत, त्यांतल्या निम्म्यांतून अण्णांनी कुणाला ना कुणाला हाकललेलं आहे. हाकललेल्यांना याचा पत्ता नाही. लग्नात जेवून, अहेराचं पाकीट देऊन (किंवा न देऊन) ती मंडळी आपापल्या गावी गेली आणि जाता जाता कुणाच्या तरी फोटोच्या कडेला आपला एक कान, एक कोपर किंवा सफारीचा अर्धा खिसा ठेवून गेली. तो कान अण्णांच्या हवाली होतो. अण्णा तो काढतात. नुसता काढत नाहीत, काढल्यावर मागे उरलेलं घर एका बाजूला कलंडू नये याची जबाबदारीही घेतात. ‘काढायला काय, कात्रीपण काढती,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत वळलं की गावात त्यांचं दुकान आहे. पाटीवर फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा उतारा अशी सगळी देवस्थानं एकाच देवळात नांदतात. पोट झेरॉक्सवर चालतं, जीव फोटोत आहे. आधार कार्डाची प्रत काढायला आलेल्या म्हाताऱ्यालाही ते एकदा डोळे बारीक करून बघून घेतात आणि मनातल्या मनात त्याच्या डोक्यावर किती जागा सोडायची ते ठरवतात. वय साठीच्या पुढचं, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे.

हे तुकडे म्हणजे अण्णांची खरी इस्टेट. इंग्रजी एल अक्षरासारखे कापलेले, एका बाजूनं इंचाच्या खुणा केलेले. रोलच्या काळात वालचंदनगरला एका स्टुडिओत ते डार्करूममध्ये मदतनीस होते, तेव्हापासूनचे. छोट्या प्रिंटवर हे दोन एल उलटसुलट ठेवले की मध्ये एक चौकट तयार होते. ते सरकवले की चौकट मोठी, लहान, उभी, आडवी होते. एन्लार्जरखाली कागद वाया घालवण्याआधी कुठून कापायचं ते ठरवायची ही जुनी पद्धत. कागद महाग होता, मालक त्याहून कडक होता. आज कॉम्प्युटरवर `C` दाबलं की चौकट आपोआप येते, वर तीन-तीन भागांच्या रेघाही मारून मिळतात. तरी अण्णा आधी खिशातले पुठ्ठे काढतात आणि थेट स्क्रीनच्या काचेवर धरतात. कामाला ठेवलेला पोरगा हसतो. अण्णा म्हणतात, ‘माऊसनं हात ओढतो तिकडं चौकट जाती. ह्यानं डोळा सांगंल तिकडं जाती.’

त्यांच्या या कलेमुळे त्यांचा स्वभाव थोडा बिघडला आहे, हे त्यांच्या घरचे सांगतात. माणसांचा घोळका दिसला की अण्णा आधी कडा बघतात. पारावर पाचजण बसलेले असले आणि सहावा जरा लांब उभा असला, तर ते त्याला ‘आत तरी ये नाहीतर पार जा’ असं सुनावतात. पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्या पाहुण्याकडे ते संशयानं बघतात. ग्रामसभेचा फोटो काढताना एकदा त्यांनी सरपंचांना दोन पावलं डावीकडे व्हायला सांगितलं होतं, कारण उजवीकडच्या पाण्याच्या टाकीनं ‘वजन खाल्लं’ होतं. सरपंचांनी त्याचा राजकीय अर्थ काढला. पुढे बरेच दिवस बोलणं बंद होतं.

एकाच ठिकाणी अण्णांचा नियम उलटा चालतो, तो म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवरचा कडेचा माणूस काढायचा नसतो. त्यानं वर्गणी दिलेली असते.

बाकी फोटोंत मात्र अण्णांना परका माणूस लगेच ओळखू येतो. घरातला माणूस कॅमेऱ्याकडे बघतो किंवा घरातल्यांकडे बघतो. परका तिसरीकडेच, बहुधा जेवणाच्या मांडवाकडे बघत असतो. पण हा निकष लावून ते लगेच कापायला बसत नाहीत. ‘हा कोण?’ असं विचारतात. एकट्या माणसाच्या उत्तरावर त्यांचा विश्वास नाही. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई ‘हा आपल्यातला नव्हं’ म्हणेपर्यंत फोटो तसाच राहतो, कारण नवऱ्याच्या मावसभावाच्या साडूला ओळखणारी तीच एक असते.

कापायचं काम पुढे कसं चालतं ते मी झेरॉक्सच्या रांगेत उभा राहून पुष्कळदा बघितलं आहे. लोकांना वाटतं, उजव्या कडेला माणूस आहे ना, मग उजवीकडची पट्टी कापा, झालं. पण पट्टी कापली की मधला माणूस मध्ये राहत नाही. आजोबा बरोबर मध्यावर बसलेले होते, उजवीकडून चार बोटं गेली की ते मध्याच्या उजवीकडे सरकतात आणि डावीकडची रिकामी भिंत अंगावर येते. म्हणून डावीकडूनही थोडं काढावं लागतं. दोन्हीकडून काढलं की फोटो अरुंद होतो. फ्रेम मात्र बाजारातून आणलेली, ठराविक मापाची. मग वरून आणि खालून काढा. वरून काढलं तर डोकी चौकटीला टेकतात, खालून काढलं तर पाय जातात. थोडक्यात, एक परका काढायचा म्हणजे चारी बाजूंच्या घरच्यांना धक्का. अण्णांची दोन एकर जिराईत आहे आणि शेजाऱ्याशी जुना वाद आहे, त्यामुळे त्यांना हे समजावून सांगायला अडचण येत नाही: ‘एकीकडून बांध कोरला की वावराचं माप बदलतं. मग मोजणी चारी बाजूनं आली.’

चे गव्हेराचं चित्र छापलेला टी-शर्ट घातलेला एक कॉलेजचा मुलगा एकदा पासपोर्ट फोटोसाठी आला होता, तेव्हा मी अण्णांना त्या चित्राची गोष्ट सांगितली. ५ मार्च १९६० रोजी हवाना शहरात एका शोकसभेत आल्बेर्तो कोर्डा या फोटोग्राफरनं तो फोटो काढला. मूळ फोटो आडवा आहे. चेच्या एका बाजूला दुसऱ्याच एका माणसाचा चेहरा अर्धा घुसलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला पामच्या झाडाच्या झावळ्या आहेत. कोर्डानं दोन्ही बाजू कापून फोटो उभा केला आणि तो पुढे जगभरच्या टी-शर्टांवर गेला. अण्णांना चे कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी त्या मुलाला उजेडात उभं केलं, त्याच्या छातीवर दोन्ही एल धरले आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘माणूस काढला ते कुणीपण काढंल. झाड काढलं ह्यात हुशारी हाय. माणूस गेल्यावर झाडाचं वजन एकट्यानं राहिलं असतं.’ दुसऱ्या फोटोग्राफरला दाद द्यायला ते सहसा तयार नसतात, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मुलगा एवढा वेळ श्वास रोखून उभा होता.

रशियातला दुसरा दाखला त्यांना तितकासा पटला नाही. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी फोटोच्या कडेला त्याचा पोलीसप्रमुख येझोव्ह उभा होता. पुढे येझोव्ह मर्जीतून उतरला, १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी दिसू लागलं. अण्णा म्हणाले, ‘पाणी भरणं सोपं असतं. आपल्या डाव्या कालव्यावर उभं करा, मी पण भरतो. उसापुढं उभं करा म्हणावं.’

उसाचा प्रसंग त्यांच्यावर लवकरच आला.

तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीला जाताना शेळगाव फाट्यावरून जाते. त्या दिवशी फाट्यावर अख्खं गाव असतं. गावातल्या एका घरच्या मंडळींनी एका वर्षी त्या सकाळी मोबाइलवर फोटो काढला होता. डावीकडून जावई, लेक, थोरला मुलगा, सून, मग प्लास्टिकच्या खुर्चीत आजी आणि तिच्या पलीकडे आठ वर्षांचा नातू. मागे ऊस. आजीची खुर्ची मध्ये न ठेवता उजवीकडे का, तर आजी हलायला तयार नव्हती. तिला दिंड्या दिसायला हव्या होत्या, म्हणून बाकीचे तिच्या एका बाजूला येऊन उभे राहिले. आणि अगदी उजव्या कडेला, चौकटीत अर्धा आणि बाहेर अर्धा, एक अनोळखी वारकरी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात टाळ. नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. फोटो काढायच्या क्षणी तो चालत आला आणि पुढच्या क्षणी निघूनही गेला असणार.

त्या वर्षाच्या शेवटी आजी गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या घरासोबतचा तिचा चांगला फोटो हा एकच. थोरला मुलगा १२ बाय १८ इंचाची फ्रेमच घेऊन अण्णांकडे आला. फ्रेम जावयानं बारामतीहून आणलेली, बाजूनं नक्षी असलेली. म्हणजे माप बदलायचा प्रश्नच नाही. मागणी तीनच गोष्टींची: कडेचा माणूस काढा, आईला मध्ये आणा, फ्रेम पूर्ण भरा.

अण्णांनी एल काढले, स्क्रीनवर धरले आणि परत खिशात ठेवले. त्यांनी एल परत ठेवले म्हणजे काम अवघड आहे, हे पोराला कळतं. त्यानं चहा सांगितला.

मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच. वारकऱ्यानं उजवीकडचे ६०० अडवलेले. ते कापले की ३४०० उरतात. १२ बाय १८च्या फ्रेमला रुंदी उंचीच्या दीडपट लागते, म्हणजे ३४०० रुंदीला २२६७ उंची. वरून-खालून मिळून ७३३ पिक्सेल घालवायचे. सगळ्यांत उंच जावई. त्याच्या डोक्यावर ४५० मोकळे, सगळ्यांच्या पायाखाली ४००. त्यातून ७३३ गेले की डोक्यावर आणि पायाखाली मिळून फक्त ११७ उरतात. भिंतीवरच्या प्रिंटमध्ये ते पाऊण इंचसुद्धा भरत नाही आणि त्यातलाही वरून पाव इंच, खालून पाव इंच फ्रेमची पट्टी खाते. जावयाचे केस लाकडाला लागणार आणि सगळं कुटुंब खालच्या पट्टीवर उभं राहणार.

‘मग डोक्यावर जागा ठेवा, पाय थोडे कापले तर चालतील,’ मुलगा म्हणाला.

अण्णांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. हा त्यांचा आवडता विषय. डोक्यावर बेताची जागा सोडली तर कापाची रेघ नेमकी घोट्यांवर येत होती. सांध्यावर कापायचं नाही, हा डार्करूमपासूनचा नियम. घोटा, गुडघा, मनगट, कोपर यांवर चौकट आली की बघणाऱ्याला तो अवयव तिथं तुटल्यासारखा वाटतो. नडगीच्या मध्यावर किंवा मांडीच्या मध्यावर कापलं तर पाय पुढे चालू आहे असं डोळा आपला आपण धरून घेतो. लग्नाच्या अल्बममध्ये जी माणसं बसल्या जागी पांगळी दिसतात, ती फोटोग्राफरनं घोट्यावर कापलेली असतात. म्हणून अण्णांनी रेघ वर, नडगीच्या मध्यावर नेली. तर उंची झाली २०६० आणि तिला दीडपट रुंदी ३०९०. म्हणजे अजून ३१० पिक्सेल जादा. उजवीकडून काढावेत तर तिकडे नातू. डावीकडून काढावेत तर तिकडे जावई, आणि जावयाच्या बाजूला मोकळी जागा जेमतेम १५०. त्याचा उजवा खांदा जात होता.

‘जावयाचा खांदा गेला तर चालंल का?’ अण्णांनी विचारलं.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. फ्रेम जावयाचीच होती.

खरी अडचण मात्र खांद्याची नव्हतीच. ती अण्णांना आधीच दिसलेली होती आणि आता त्यांनी ती बोटानं दाखवली. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, आजी सोडून. आजी उजवीकडे, त्या वारकऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर थोडं हसू होतं. वारकऱ्याला त्याच्या कडेवरून कापलं तर आजी फोटोत चौकटीच्या शेवटाला येणार आणि तिची नजर एका वितीवर लाकडाला धडकणार. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मोकळी जागा लागते. ती नसली तर तो माणूस रुसून भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखा दिसतो. आजीला मध्ये आणायची तर गोष्टच सोडा, वारकरी गेला की ती आणखी कडेला जात होती.

सोबत आलेल्या पुतण्यानं सुचवलं, ‘आरशासारखा उलटा करा ना फोटो.’ हे सुचवणारा एकजण प्रत्येक घरात असतो. अण्णांनी काही न बोलता फोटो उलटा करून दाखवला. सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर गेले, पुरुषांचे खिसे उजवीकडे आले आणि मागच्या पाटीवरचं गावाचं नाव कुणाला वाचता येईना. आजी आता डावीकडच्या लाकडाला धडकत होती, एवढाच फरक पडला. पुतण्या चहाचे पैसे द्यायला बाहेर गेला.

तेव्हा अण्णांनी दोन निर्णय घेतले. पहिला, फोटोनं फ्रेमसारखं व्हायचं नाही. फ्रेम तीच राहील, पण आत जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचं माउंट बसेल आणि त्याच्या खिडकीत फोटो. १० बाय साडेबारा इंच. वरखाली एकेक इंच पांढरं, दोन्ही बाजूंना पावणेतीन इंच. मग फोटोला दीडपट रुंदीची सक्ती राहिली नाही, पाचास चार हे प्रमाण चाललं. दुसरा निर्णय असा की वारकऱ्याला पूर्ण कापायचंच नाही. उजवीकडून ६००ऐवजी फक्त ३०० पिक्सेल कापायचे. म्हणजे फोटो ३७०० रुंद, २९६० उंच. डोक्यावर जागा, पायाखाली जागा, जावयाचा खांदा शाबूत आणि आजीच्या नजरेपुढे थोडं मोकळं. आजी आता तीन भागांच्या उजव्या रेघेच्या थोडी पलीकडे येत होती. डावीकडच्या चार उभ्या माणसांना ती एकटी बसून तोलत होती, कारण डोळा आधी चेहऱ्याकडे जातो आणि त्यातही जो वेगळीकडे बघतो त्याच्याकडे. मध्ये नाही बसवता आली तरी फोटो तिचाच होता.

राहता राहिला चौकटीत उरलेला ३०० पिक्सेलचा अर्धा वारकरी. तो कापून जाणार नव्हता, पुसायला लागणार होता. आणि मागे ऊस होता.

ऊस पुसून भरणं का अवघड, ते अण्णा कुणालाही ऐकवतात. शेजारची पानं उचलून त्या जागी लावायची म्हटलं की तेच पान, तेच वाळकं पाचट, त्याच कोनात पुन्हा दिसतं. पाणी किंवा आभाळ दोनदा लावलं तर कुणाला कळत नाही. शेळगावातल्या माणसाला मात्र एकच ऊस दोनदा आलेला लगेच कळतो. म्हणून अण्णांनी विचारलं, ‘त्याच वेळचा मागचा-पुढचा फोटो हाय का?’ होता. काही सेकंद आधी काढलेला. त्यात वारकरी अजून पोहोचलेला नव्हता. तो फोटो कुणी वापरला नव्हता, कारण त्यात आजीचे डोळे मिटलेले होते आणि नातू चप्पल शोधायला गेला होता. अण्णांनी त्यातली उसाची उभी पट्टी उचलली, मूळ फोटोवर ठेवली, पानं पानांना जुळेपर्यंत सरकवली आणि कडा मऊ केल्या. कापताना `Delete Cropped Pixels` ची खूण त्यांनी काढून ठेवली होती, म्हणजे कापलेला भाग झाकला जातो, मरत नाही. उद्या घरच्यांचं मन फिरलं तर वारकऱ्याला परत बोलावता येईल.

ऊस झाला. मग पोरानं दाखवलं, ‘अण्णा, सावली.’ ऊन उजवीकडून होतं, त्यामुळे वारकऱ्याची लांब सावली डांबरावरून आजीच्या पायापर्यंत आलेली होती, टोपीसकट. माणूस नाही आणि सावली आहे, असा फोटो वर्षश्राद्धाला ठेवला असता तर काय झालं असतं याची कल्पना केलेली बरी. डांबर पुसायला सोपं. अण्णांनी ती मिनिटात पुसली आणि आजीच्या खुर्चीची सावली तेवढी राखली.

शेवटी राहिला टाळ. वारकऱ्याचा हात पुढे आलेला होता आणि त्यातला टाळ नातवाच्या कोपरावर आला होता. हात पुसला, मनगट पुसलं. पण टाळ पुसला तर त्याच्याखाली काय? कोपर कुठल्याच फोटोत नव्हतं. ऊस आणता येतो, डांबर आणता येतं, पण नातवाचा शर्ट चौकड्यांचा. अण्णांनी बाहीच्या चौकड्या उचलून कोपर करून बघितलं, तर वाकलेल्या हातावर सरळ रेघा आल्या. हात मोडून प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखा दिसू लागला. ते त्यांनी पुसलं. मग फोटो उलटा, डोकी खाली करून पोराला दाखवला आणि विचारलं, ‘आधी कुठं बघितलंस?’ ही त्यांची शेवटची परीक्षा. उलट्या फोटोत माणसं ओळखू येत नाहीत, वजनं तेवढी दिसतात. पोराचं बोट जर कापलेल्या कडेवर गेलं तर काम फसलं. पोराचं बोट आधी आजीवर गेलं आणि तिथून टाळावर.

अण्णांनी टाळ ठेवला. नुसता ठेवला नाही, त्याची दोरी नातवाच्या बोटांपर्यंत वाढवली.

आता फोटोत असं दिसतं की नातवाच्या हातात टाळ आहे आणि आजी कौतुकानं त्याच्याकडे बघते आहे. तिच्या नजरेला ठिकाण मिळालं आणि डावीकडच्या चार उभ्या माणसांच्या समोर उजवीकडे पितळेचा एक चमकता ठिपका आला. घरच्यांनी फोटो बघितला. सून म्हणाली, ‘टाळ कुठून आला?’ थोरला म्हणाला, ‘होताच की.’ आणि खरंच, होताच. फक्त कुणाचा होता हे कुणी खोलात जाऊन विचारलं नाही. पुतण्याला विचारायचं होतं, पण तो आधीच एकदा तोंडघशी पडला होता. पैसे देताना थोरल्यानं माणूस काढायचे एवढे का, अशी घासाघीस केली. अण्णांनी माउंटच्या पुठ्ठ्याचे वेगळे लावले नाहीत.

वर्षश्राद्धाला फोटो ओसरीवर पाटावर ठेवला, हार घातला. निमगावचे पाहुणे, सणसरचे सोयरे, भजनी मंडळाचे बुवा, सगळे वाकून नमस्कार करून गेले आणि प्रत्येकानं मान वर करताना टाळ बघितला. म्हातारीनं नातवाला वळण लावलं, असं ठरलं. जावयानं तर तसं चारचौघांत सांगितलंही. भजनाला बसताना बुवांनी पोराला पुढे ओढलं आणि हातात खरा टाळ दिला. पोरानं तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. दर एकादशीला आता त्याला मंदिरात नेऊन बसवतात. ताल अजून सापडलेला नाही, बुवा हातानं मोजून दाखवतात आणि तो एक ठोका उशिरा वाजवतो. शाळेतून घरी जाताना अण्णांच्या दुकानावरून जवळचा रस्ता आहे, तरी पोरगं लांबच्या वाटेनं जातं.